नोटांचा महापूर आणि पैशाचा दुष्काळ

१९१३ साली जर्मनीत नाणी आणि नोटा मिळून सुमारे ६०० कोटी मार्क लोकांच्या हाती खेळत होते. दहा वर्षांनंतर, १५ नोव्हेंबर १९२३ रोजी, त्याच देशातील चलनाची दर्शनी रक्कम सुमारे दीड हजार कोटी पटींनी वाढलेली होती. साध्या तर्काने असे वाटेल की, इतका पैसा छापला म्हणून तितकीच महागाई झाली असणार. परंतु त्याच दिवशी बर्लिनमध्ये एका डॉलरचा दर २ लाख ५२ हजार कोटी मार्क होता आणि युद्धापूर्वी तो केवळ ४ मार्क २० फेनिग होता. म्हणजे डॉलर सुमारे ६० हजार कोटी पटींनी महागला होता. नोटा दीड हजार कोटी पट आणि डॉलर ६० हजार कोटी पट! या दोन आकड्यांमधील चाळीसपट अंतर हेच अतिचलनवाढीचे, ज्याला अर्थशास्त्रात हायपरइन्फ्लेशन म्हणतात त्याचे, खरे रहस्य आहे.

हे अंतर वेगळ्या शब्दांत मांडले तर अधिक चकित करते. त्या दिवशी साऱ्या जर्मनीतील नोटा एकत्र करून सोन्याच्या भावाने मोजल्या असत्या, तर त्यांची किंमत जेमतेम १५ कोटी सुवर्णमार्क भरली असती. युद्धापूर्वी तीच ६०० कोटी होती. नोटांचा महापूर आलेला असताना त्या राष्ट्राजवळचा पैसा, खऱ्या मोलाने पाहिल्यास, चाळिसाव्या हिश्शावर आला होता. छापखाने रात्रंदिवस चालू होते आणि तरीही व्यापारी, कारखानदार, नगरपालिका, सगळेच रोकड अपुरी पडत असल्याची तक्रार करीत होते. ती तक्रार खोटी नव्हती.

वास्तविक शिल्लक म्हणजे काय?

व्यापारी घरातील मुलाला रोजमेळ लिहायला बसवले की पहिला धडा मिळतो तो सायंकाळी शिल्लक काढण्याचा. गल्ल्यात रोख किती, हे रुपयांत लिहिले जाते. पण त्या रोखीचा खरा अर्थ तिच्यातून उद्या काय विकत घेता येईल, यात असतो. गल्ल्यातील रकमेला भावांच्या पातळीने भागले की जे उरते त्याला अर्थशास्त्रज्ञ वास्तविक रोख शिल्लक म्हणतात. माणूस पैसा जवळ बाळगतो तो नोटांच्या आकड्यासाठी नव्हे. आठवड्याचा किराणा, नोकरांचे पगार, अचानक आलेली हुंडी किंवा आजारपण, इतके भागेल एवढी खरेदीशक्ती हाताशी असावी म्हणून तो ती बाळगतो.

ही शिल्लक बाळगण्याला किंमत मोजावी लागते. भाव स्थिर असतील तर ती किंमत केवळ बुडालेल्या व्याजाइतकी असते. भाव वाढू लागले की पडून असलेली रोकड झिजू लागते आणि झीज जितकी वेगवान, तितकी कमी रोकड बाळगण्याकडे माणसाचा कल होतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप केगन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतील अशा सात प्रसंगांची आकडेवारी तपासून हेच दाखवले की, लोकांना पुढे जितकी भाववाढ अपेक्षित असते, त्या प्रमाणात ते आपली वास्तविक शिल्लक आटवीत जातात. महिन्याला ५० टक्क्यांहून अधिक भाववाढ म्हणजे अतिचलनवाढ, ही आज प्रचलित असलेली मोजपट्टीही त्यांचीच. महिन्याला ५० टक्के हा दर ऐकायला फार भयानक वाटत नाही, पण तो वर्षभर टिकला तर १०० रुपयांची वस्तू सुमारे १३,००० रुपयांना मिळेल.

विश्वास होता तोपर्यंत

जर्मन लोक पहिल्या दिवसापासून नोटांपासून पळत नव्हते. युद्धाचा खर्च सरकारने मुख्यत्वे कर्ज काढून आणि नोटा छापून भागवला होता. युद्ध संपले तेव्हा चलन चौपटीहून अधिक झाले होते, पण घाऊक भाव मात्र अडीच पटींच्या आतच होते. म्हणजे लोकांनी जादा नोटा खर्च न करता जवळ ठेवून दिल्या होत्या. मार्क हे भक्कम चलन आहे आणि शांतता झाली की त्याचे जुने मोल परत येईल, असा त्यांचा समज होता. परदेशी लोकांनीही त्याच आशेने स्वस्तात मिळणारे मार्क विकत घेतले. १९२० आणि १९२१ च्या पूर्वार्धात डॉलरचा दर साठ-सत्तर मार्कांच्या आसपास बराच काळ रेंगाळला, त्यामुळे ही आशा काहीशी खरीही वाटत होती.

हा समज १९२२ च्या उन्हाळ्यात तुटला. मे १९२१ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीवर १३,२०० कोटी सुवर्णमार्कांची युद्धभरपाई लादली होती. ती फेडण्यासाठी परदेशातून मोठे कर्ज मिळेल, ही आशा जून १९२२ मध्ये संपुष्टात आली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची हत्या झाली. सरकारची तूट कशी भरून निघणार, या प्रश्नाला आता एकच उत्तर उरले होते, ते म्हणजे छापखाना. हे उत्तर सामान्य माणसाला उमगले, आणि त्या दिवसापासून नोटा आणि भाव यांची फारकत झाली. जून ते डिसेंबर १९२२ या सहा महिन्यांत राइशबँकेच्या, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेच्या, नोटा सुमारे साडेसात पट झाल्या, तर डॉलर मात्र सुमारे चोवीस पट महागला. छपाई मागे पडली आणि पलायन पुढे गेले.

जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजांनी कोळसा आणि पोलादाचा रूर प्रदेश ताब्यात घेतला. जर्मन सरकारने तेथील कामगारांना काम थांबवण्यास सांगितले आणि त्यांच्या निर्वाहाचा भार स्वतः उचलला. उत्पन्न बंद आणि खर्च दुप्पट, अशा स्थितीत नोटांशिवाय सरकारजवळ काहीच नव्हते. यापुढचा प्रवास उतारावरून सुटलेल्या गाडीसारखा झाला.

पगाराच्या दिवसाचे गणित

लोक नोटा घाईने खर्च करतात म्हणजे नेमके काय करतात, हे एका कुटुंबाच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ३०० सुवर्णमार्कांच्या मोलाचे आहे आणि ते महिन्याच्या पहिल्या तारखेला हाती येते. महिनाभर थोडे थोडे खर्च होऊन अखेरीस ते शून्यावर येते. अशा घरात सरासरी १५० सुवर्णमार्कांच्या मोलाची रोकड शिल्लक असते. भाव वाढू लागल्यावर कामगार आठवड्याला पगार मागतात. आता दर आठवड्याला सुमारे ७५ मार्क येतात आणि सरासरी शिल्लक साडेसदतीसवर उतरते. पुढे पगार रोजचा रोज मिळू लागतो. दररोज १० मार्क येतात आणि सरासरी शिल्लक उरते ५ मार्क. कुटुंबाचे खरे उत्पन्न तेवढेच राहिले असे धरले, तरी त्याच्या जवळची वास्तविक शिल्लक १५० वरून ५ वर, म्हणजे तिसाव्या हिश्शावर आली. दुपारच्या आत सारा पगार संपवायचा असे त्या कुटुंबाने ठरवले, की ती आणखी खाली जाते. आरंभी सांगितलेला चाळिसावा हिस्सा हा काही चमत्कार नव्हता. तो अशाच लक्षावधी घरांच्या आणि दुकानांच्या व्यवहारांची बेरीज होता.

जर्मनीत नेमके हेच घडले. मासिक पगार साप्ताहिक झाले, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज आणि १९२३ च्या शरद ऋतूत काही ठिकाणी दिवसातून दोनदा पगारवाटप होऊ लागले. कारखान्याच्या फाटकाशी घरची माणसे थैल्या, टोपल्या घेऊन उभी राहत. नोटांची पुडकी हाती पडताच ती थेट दुकानाकडे धावत. ऑक्टोबर १९२३ मध्ये भाव सुमारे पावणेचार दिवसांत दुप्पट होत होते, म्हणजे दररोज साधारण २० टक्क्यांची वाढ. सकाळी मिळालेल्या १०० मार्कांचे मोल दुसऱ्या दिवशी ८३, चार दिवसांनी ४८ आणि आठवडा उलटताच २८ उरत असे. बटाटे, साखर, साबण, बुटांची जोडी, काहीही घेणे नोट जवळ ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे होते. गरज नसलेली वस्तूही घेतली जाई, कारण ती उद्या कोणाशी तरी बदलता येई.

यात कोणीही वेडेपणा करीत नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक जण आपल्यापुरता अचूक हिशेब करीत होता. परंतु एका घराला जे साधते ते साऱ्या समाजाला साधत नाही. एक माणूस आपल्या हातातल्या नोटा खपवू शकतो, पण त्या दुसऱ्याच्या हाती जातात. हातावर पडलेला निखारा माणूस दुसऱ्याच्या हाती टाकतो, दुसरा तिसऱ्याच्या, निखारा मात्र विझत नाही. नोटांची एकूण रक्कम तीच राहते आणि सर्वांनाच जर पूर्वीच्या निम्मी वास्तविक शिल्लक ठेवायची असेल, तर ते एकाच मार्गाने घडू शकते. भाव दुप्पट व्हावे लागतात. म्हणजे एकही नवी नोट न छापता केवळ लोकांच्या घाईमुळे भाव दुप्पट होऊ शकतात. शिवाय भाव वाढलेले पाहून घाई वाढते आणि घाईने पुन्हा भाव वाढतात.

मध्यवर्ती बँकेचे चुकलेले निदान

राइशबँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन हे प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष अधिकारी म्हणून ओळखले जात. त्यांनी आणि माजी अर्थमंत्री कार्ल हेल्फेरिख यांच्यासारख्या विद्वानांनी जो युक्तिवाद केला, तो वरवर बिनतोड वाटतो. सर्व नोटांची सोन्यातील किंमत युद्धापूर्वीच्या कितीतरी खाली आहे, मग नोटा जास्त झाल्या असे कसे म्हणता येईल? उलट त्या अपुऱ्या आहेत, व्यापार रोकडीवाचून अडला आहे आणि तो चालू ठेवणे हे बँकेचे कर्तव्य आहे. महागाईचे मूळ युद्धभरपाईत आणि मार्कच्या घसरत्या दरात आहे, छापखाना केवळ मागोमाग धावतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आकडे खरे होते, निष्कर्ष उलटा होता. नोटांचे एकूण मोल घटले होते, ते लोकांना नोटा नकोशा झाल्या म्हणून. त्या टंचाईवर अधिक नोटा हा उपाय म्हणजे तहान भागवण्यासाठी समुद्राचे पाणी पिणे. १७ ऑगस्ट १९२३ रोजी हाफेनश्टाइन यांनी अभिमानाने सांगितले की, बँक आता दररोज २० लाख कोटी मार्क छापते, पुढील आठवड्यात रोज ४६ लाख कोटी छापू लागेल आणि चलनात असलेली एकूण रक्कम ६३ लाख कोटी आहे. लवकरच एका दिवसात एकूण चलनाच्या दोनतृतीयांश नोटा काढता येतील, ही गोष्ट त्यांनी यश म्हणून मांडली. या कामी १३३ छापखाने आणि ३० हून अधिक कागद गिरण्या गुंतलेल्या होत्या. वेळ वाचवण्यासाठी नोटा एकाच बाजूने छापल्या जात, जुन्या हजाराच्या नोटेवर शंभर कोटींचा लाल शिक्का मारून ती पुन्हा चलनात आणली जाई. तेही पुरेना, तेव्हा नगरपालिका, रेल्वे आणि मोठे कारखाने यांनी स्वतःच्या तात्पुरत्या नोटा काढल्या.

व्याजाच्या दराचीही तीच कथा. जुलै १९२२ पर्यंत राइशबँकेचा हुंडी वटवण्याचा दर ५ टक्के होता. तो वाढत वाढत सप्टेंबर १९२३ मध्ये ९० टक्क्यांवर गेला. कोणत्याही बँकरला हा दर जीवघेणा वाटेल. पण तो वार्षिक होता, म्हणजे महिन्याला साडेसात टक्के, आणि ऑक्टोबर महिन्यात भाव सुमारे तीनशे पट झाले. या दराने १०० मार्क उचलून महिन्याने १०७ मार्क ५० फेनिग फेडणाऱ्याने मूळच्या मोलाने जेमतेम एकतृतीयांश मार्क परत केला. ज्या मोठ्या उद्योगांना राइशबँकेची पत उपलब्ध होती, त्यांनी कर्ज काढून माल, यंत्रे, जागा घेतल्या आणि परतफेड रद्दीने केली. ज्या विधवांनी, पेन्शनरांनी आणि संस्थांनी सरकारी रोख्यांत आणि बचत खात्यांत पैसे ठेवले होते, त्यांची पुंजी त्या परतफेडीत नाहीशी झाली.

सरकारलाही या मार्गाने शेवटी काही मिळेनासे झाले. नोटा छापून सरकार जो खर्च भागवते, तो खरे तर जनतेच्या रोख शिलकीवरील कर असतो. जनतेजवळ ६०० कोटींच्या मोलाची शिल्लक असेल, तर तिची १० टक्के झीज करून ६० कोटी मिळतात. शिल्लक १५ कोटींवर आली, की तिची ९० टक्के झीज केली तरी साडेतेरा कोटीच हाती लागतात. करदाता पळून गेला होता आणि कराचा दर वाढवण्यात काही हशील उरले नव्हते.

दुकानदाराच्या वहीतील नफा

या काळात व्यापाऱ्याची कोंडी सर्वांत विलक्षण होती. समजा, एका दुकानदाराने बुटांच्या १०० जोड्या प्रत्येकी १,००० मार्कांना घेतल्या आणि २० टक्के नफा घेऊन १,२०० ला विकल्या. गल्ल्यात १,२०,००० मार्क आले, वहीत २०,००० मार्क नफा दिसला. तो पुन्हा माल भरायला गेला, तेव्हा घाऊक भाव २,००० झाला होता. त्याच्या पैशात ६० जोड्या आल्या. वही सांगते नफा झाला, फळी सांगते चाळीस जोड्या गेल्या. वर त्या कागदी नफ्यावर कर भरायचा तो वेगळाच. असे दोन-तीन फेरे झाले की दुकान रिकामे आणि वह्या नफ्याने भरलेल्या, अशी स्थिती येई.

म्हणून व्यापारी नव्या खरेदीचा भाव धरून विक्रीदर ठरवू लागले. पण नफेखोरीविरोधी कायद्यांचा रोख मूळ खरेदीच्या किमतीवर वाजवी नफा मोजण्याकडे होता, आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या ग्राहकाला दुकानदार साठेबाज वाटे. पुस्तक विक्रेत्यांच्या संघटनेने सप्टेंबर १९२२ पासून एक पद्धत काढली. पुस्तकावर स्थिर मूळ किंमत छापायची आणि संघटनेने वेळोवेळी जाहीर केलेल्या गुणकाने तिला गुणून विक्रीदर काढायचा. इतर धंद्यांतही सुवर्णमार्कात किंवा डॉलरमध्ये दर ठरवून घेताना त्या दिवसाच्या दराने कागदी मार्क मोजण्याची प्रथा पडली. उधारी तर संपलीच. महिन्याच्या मुदतीने माल देणे म्हणजे तो फुकट देणे होते.

यापुढची पायरी अधिक गंभीर होती. १९२३ साली पीक वाईट नव्हते, तरी शेतकरी शहरात धान्य पाठवण्यास नाखूश झाले. धान्य विकून हाती येणारा कागद घेऊन करायचे काय? पैसा हा मालाच्या देवघेवीतील दुवा असतो. तो दुवाच निखळल्यामुळे कोठारे भरलेली असताना शहरांत उपासमार आली, पावाचे भाव उसळल्यावर बर्लिनमध्ये दुकाने लुटली गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे एका पावाला १४ हजार कोटी मार्क पडत होते.

गाडी थांबली कशी?

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क. त्याला सोन्याचा आधार नव्हता. देशातील शेतजमीन आणि उद्योग यांच्यावरील बोजा हा त्याचा नाममात्र आधार होता. रेंटेनमार्क घेऊन कोणी शेताचा तुकडा मागू शकत नव्हते, त्यामुळे या आधाराने लोकांचे समाधान झाले असे म्हणता येत नाही. खरा बदल दुसरीकडे होता. रेंटेनमार्कची कमाल मर्यादा ३२० कोटी ठरवण्यात आली आणि त्यातून सरकारला १२० कोटींपेक्षा अधिक कर्ज मिळणार नव्हते. त्याच दिवसापासून राइशबँकेने सरकारी हुंड्या वटवणे बंद केले. सरकारी नोकरवर्गात एकचतुर्थांश कपातीचा हुकूम आधीच निघाला होता, रूरमधील खर्चिक प्रतिकारही सप्टेंबरअखेर मागे घेतला गेला होता. चलन आयुक्त म्हणून नेमलेल्या ह्यालमार शाख्ट यांनी नगरपालिका आणि कंपन्यांच्या तात्पुरत्या नोटा स्वीकारण्यास राइशबँकेला मनाई केली. डिसेंबरमध्ये सरकारने अधिक कर्ज मागितले, तेव्हा रेंटेनबँकेने ते नाकारले. तूट छापखान्याने भरून निघणार नाही, हे त्या नकाराने सर्वांना कळले.

२० नोव्हेंबरला डॉलरचा दर ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर बांधला गेला आणि तो तेथेच टिकला. त्याच दिवशी हाफेनश्टाइन यांचे निधन झाले. यानंतर जे घडले, ते या साऱ्या विषयाची सर्वांत मोठी साक्ष आहे. जुन्या कागदी मार्कांची छपाई लगेच थांबली नाही. १५ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या दीड महिन्यात राइशबँकेच्या नोटा पाचपटीहून अधिक वाढल्या, शिवाय रेंटेनमार्क वेगळे. तरीही दर हलला नाही आणि भाव उसळले नाहीत. काही आठवड्यांपूर्वी याहून कमी वाढीने बाजार कोसळत होता, आता मोठी वाढही पचली. कारण आता लोक पळत नव्हते. उद्याही या नोटेला हेच मोल राहील असे वाटू लागताच घराघरांत पुन्हा आठवड्याचा खर्च जवळ ठेवला जाऊ लागला, दुकानदार गल्ल्यात रोकड ठेवू लागले. आटलेली वास्तविक शिल्लक पुन्हा भरू लागली आणि त्या पोकळीत नव्या नोटा सामावल्या गेल्या. हेल्फेरिख ज्या टंचाईबद्दल बोलत होते, ती छपाईने नव्हे, तर छपाईला मर्यादा पडेल या खात्रीने दूर झाली.

ज्यांची बचत बुडाली, त्यांना मात्र हे स्थैर्य फार थोडे परत देऊ शकले. १९२५ च्या कायद्याने खासगी गहाणकर्जे मूळ सुवर्णमूल्याच्या २५ टक्के धरण्यात आली, सरकारी रोख्यांना साधारणतः अडीच टक्केच मिळाले. कंपन्यांना १ जानेवारी १९२४ पासून सुवर्णमार्कात नवा ताळेबंद मांडावा लागला. फुगलेले नफे पुसून खरोखर किती माल, किती यंत्रे आणि किती येणी शिल्लक आहेत, हे प्रत्येकाला नव्याने मोजावे लागले.

महागाई आणि अतिचलनवाढ यांतील फरक यावरून ओळखता येतो. वर्षाला पाच-सात टक्के, अगदी वीस टक्के भाव वाढले, तरी लोक आपले पगार महिन्यालाच घेतात, व्यापारी मुदतीने माल देतात आणि किमती देशाच्याच चलनात सांगतात. त्या स्थितीत रोकड घाईने वस्तूंत घालणारा बहुधा स्वतःचेच नुकसान करतो, कारण साठवलेला माल सडतो, अडकतो आणि विकताना वटाव मागतो. धोक्याची खूण भावांच्या नुसत्या वाढीत नसते. पगाराचे अंतर आखूड होऊ लागणे, उधारी नाहीशी होणे, दुसऱ्या चलनात भाव बोलले जाणे आणि नोटांच्या वाढीपेक्षा भाव सातत्याने वेगाने धावणे, या गोष्टी एकत्र दिसल्या की लोक आपली शिल्लक टाकून पळू लागले आहेत असे समजावे. जर्मनीत हे सारे १९२२ च्या उत्तरार्धातच दिसू लागले होते. शंभर कोटींचा शिक्का मारलेल्या नोटा त्यानंतर जवळजवळ वर्षभराने आल्या.